अंड्याविना जाळी

बेंगळुरूच्या व्ही. व्ही. पुरममध्ये सज्जनराव सर्कलजवळ संध्याकाळ झाली की खाऊगल्ली जागी होते. तव्यांवर डोसे सुटत असतात, होळिगे भाजली जात असतात, आणि तिथून चार पावलांवरच्या व्ही. बी. बेकरीच्या काउंटरपाशी दोन-तीन रांगा मिळून एक गर्दी झालेली असते. काचेच्या कपाटात खारा बन, भाजी भरलेला पळ्य बन, टुटीफ्रुटी आणि खोबरं भरलेलं दिलपसंद, बेण्णे बिस्किटं आणि तिखट-मीठ लावलेले, ‘काँग्रेस’ नावाचे शेंगदाणे असतात. शेजारी ट्रेमध्ये चौकोनी हनी केक. खाली पाकात भिजलेला स्पंज, वर लाल जॅमचा थर आणि त्यावर सुक्या खोबऱ्याचा कीस.

या केकमध्ये अंडं नसतं. तरीही ‘एगलेस आहे का?’ असं इथं सहसा कुणी विचारत नाही. अशा बेकऱ्यांच्या ‘अय्यंगार’ या ओळखीतच उत्तर आहे.

मुंबई-पुण्याच्या वाचकाला ‘अय्यंगार बेकरी’ ही पाटी ओळखीची आहे. नाक्यानाक्यावरच्या या दुकानांचं मूळ कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यात आहे. तिथले अय्यंगार ब्राह्मण बेंगळुरूला आले आणि या धंद्यात पडले. चिकपेटेत एच. एस. तिरुमलाचार यांनी १८९८ साली बी. बी. बेकरी सुरू केली आणि तिथून ही परंपरा निघाली, असं सांगितलं जातं. त्यांचं आधी मिठाईचं दुकान होतं आणि तिथे येणाऱ्या एका इंग्रजाने त्यांना पाव भाजायला शिकवलं, अशीही कथा आहे. कथेचा तपशील बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट उरते. ज्या घरात अंडं येत नाही, त्या घरातल्या माणसांनी अंड्यावर उभा असलेला पदार्थ विकायला घेतला. म्हणजे पर्याय शोधणं त्यांच्यासाठी हौस नव्हती, तो धंद्याचा पाया होता.

यंदाच्या अंकाचा विषय ‘पर्याय’ ठरला, तेव्हा बेंगळुरू आठवलं ते यामुळे. पण बेकरीवाल्याकडे केक जेल असतं, तयार प्रीमिक्स असतं आणि रोज तोच केक करणारा हात असतो. घरी केक करणाऱ्याकडे दही असतं, पिकून काळी पडायला आलेली केळी असतात आणि कधीतरी तब्येतीसाठी आणलेली जवसाची पुडी असते. घरगुती कृतींमध्ये ही तिन्ही एकाच ओळीत लिहिलेली असतात: एका अंड्याऐवजी पाव कप दही, किंवा पाव कप कुस्करलेलं केळं, किंवा एक मोठा चमचा जवसपूड तीन मोठे चमचे पाण्यात. वाचणाऱ्याला वाटतं, तिन्ही सारखीच, घरात असेल ते घालावं. मापाने ती सारखी आहेतही. पण ओव्हनमधून जे बाहेर येतं, ते तीन वेगळे पदार्थ असतात.

अंड्याची कामं

कवच सोडून एक अंडं साधारण ५० ग्रॅम भरतं. त्यातलं पाऊण वजन पाण्याचं. उरलेल्यात सहा-सव्वासहा ग्रॅम प्रथिनं आणि पाच ग्रॅम स्निग्धांश. एवढ्याशा ऐवजावर ते केकमध्ये निदान चार कामं करतं.

पांढऱ्यातली प्रथिनं फेटली की हवा धरून ठेवतात, त्याने केक हलका होतो. पिवळ्यातलं लेसिथिन तेल आणि पाणी एकमेकांत मिसळून ठेवतं, म्हणून पीठ फुटत नाही. पाण्याने ओलावा मिळतो. चौथं काम सगळ्यात मोठं आणि सगळ्यात कमी लक्षात येणारं. उष्णता लागली की अंड्याची प्रथिनं गोठतात आणि पुन्हा सैल होत नाहीत. पांढरं साठ-बासष्ट अंशांपासून घट्ट व्हायला लागतं, त्यातली काही प्रथिनं ऐंशीच्या पुढे गोठतात, आणि साखर असली की हे सगळं आणखी थोडं वर सरकतं. ओव्हनमध्ये केक फुगत असतो, बुडबुडे ताणले जात असतात, आणि नेमक्या त्याच वेळी त्यांच्या भिंती टणक होतात. केकचा घुमट उभा राहतो तो या वेळेच्या जुळणीमुळे.

अंडं काढलं की ही जबाबदारी बहुतेक सगळी मैद्यातल्या स्टार्चवर येते. स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि त्यांची खळ तयार होते. पण केकमध्ये साखर भरपूर असते आणि ती पाणी स्वतःकडे ओढते. त्यामुळे नुसत्या पाण्यात साठ अंशांच्या आसपास फुगणारा स्टार्च केकच्या पिठात ऐंशी ते नव्वद अंशांपर्यंत रेंगाळतो. तोवर बुडबुडे मोठे होऊन एकमेकांत मिसळलेले किंवा फुटलेले असतात. अंड्याविना केक मध्येच खचतो याचं मुख्य कारण हे आहे. बेकिंग पावडर कमी पडली असं समजून लोक ती वाढवतात, आणि केक आणखी खचतो.

दही, केळं आणि जवस या तिघांपैकी एकही पदार्थ उष्णतेने अंड्यासारखा गोठत नाही. ही गोष्ट एकदा नीट कळली, की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं.

जयनगरमधली तीन भांडी

जयनगरमधल्या एका मराठी घरात या तिघांची तुलना शेजारी शेजारी ठेवून बघता आली. नोकरीसाठी पुण्याहून इथे आलेलं कुटुंब, घरच्या बाईंना केकचा नाद, आणि सासूबाई अंडं न खाणाऱ्या. साधा ओटीजी, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि सहा-सात इंची गोल भांडी. मूळ कृती दोन अंड्यांची: मैदा १५० ग्रॅम, पिठीसाखर १३० ग्रॅम, तेल ९० मिलिलिटर, दूध ६० मिलिलिटर, बेकिंग पावडर दीड चमचा, व्हॅनिला. चमचा म्हणजे मापाचा, पाच मिलिलिटरचा. प्रत्येक भांड्यात फक्त दोन अंड्यांची जागा बदलायची आणि त्या बदलामुळे जे जुळवून घ्यावं लागतं, तेवढंच जुळवायचं.

पहिल्या भांड्यात दही १२० ग्रॅम. दोन अंड्यांतून सुमारे ७५ ग्रॅम पाणी येतं, एवढ्या दह्यातून शंभराच्या वर. म्हणून दूध निम्म्यावर, ३० मिलिलिटरवर आणलं. दह्याचा आंबटपणा वाया घालवायचा नसतो. पाव चमचा खायचा सोडा घातला की दह्यातलं लॅक्टिक आम्ल त्याच्याशी भिडतं आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. पाव चमचा सोडा जवळजवळ एक चमचा बेकिंग पावडरीइतका वायू देतो, म्हणून बेकिंग पावडर पाऊण चमच्यावर उतरवली.

हा वायू ओव्हनची वाट बघत नाही. दही आणि सोडा भेटल्याक्षणी भांड्यात फेस चढतो. बाईंची रीत अशी की ओव्हन आधी तापवून ठेवायचा, भांड्याला बटर पेपर लावून ठेवायचा, कोरडं एकीकडे आणि ओलं एकीकडे तयार ठेवायचं, आणि मग दोन्ही एकत्र करून लगेच आत सारायचं. ‘फोन वाजला तरी घ्यायचा नाही,’ त्या म्हणाल्या. पीठ दहा-पंधरा मिनिटं ओट्यावर राहिलं तर बराचसा वायू उडून जातो आणि केक बुटका होतो.

दह्याचा केक कापल्यावर गाभा पांढराशुभ्र आणि जाळी बारीक, एकसारखी दिसते. जीभ-टाळूमध्ये तो सहज विरघळतो. आम्लामुळे ग्लुटेनचा ताठपणा कमी होतो, शिवाय दह्यातला स्निग्धांश आहेच. हाच नाजूकपणा कापताना आडवा येतो. अंड्याचा केक बोटाने दाबला की उसळून वर येतो. दह्याचा दबतो, थोडासा वर येतो आणि कडेचा चुरा हातात देतो. अंड्यांतून बारा-साडेबारा ग्रॅम प्रथिनं येत होती, दह्यातून जेमतेम चार, आणि त्यातलं बहुतेक केसिन आधीच आंबून गोळा झालेलं. केकला बांधून ठेवायला त्याचा फारसा उपयोग नाही. म्हणून हा केक भांड्यातून गरम काढायचा नाही. गार होताना स्टार्चची खळ घट्ट बसते आणि मगच सुरी नीट चालते. दोन थर कापून मध्ये क्रीम भरायचं असेल, तर केक आदल्या दिवशी करून गुंडाळून ठेवलेला बरा.

दह्याच्या केकमध्ये सगळ्यात जास्त चूक होते ती सोड्यात. दह्याचा आंबटपणा एकसारखा नसतो. मे महिन्यात घरी लावलेलं दही आणि डिसेंबरच्या थंडीत रात्रभर ठेवूनही अर्धवट लागलेलं दही यांत बराच फरक असतो, आणि पाकिटातलं दही बहुधा दोन्हींच्या मधे कुठेतरी. आम्लापेक्षा सोडा जास्त झाला की तो शिल्लक राहतो. मग केकला साबणासारखी चव येते आणि गाभा पिवळट तपकिरी होतो, कारण अल्कधर्मी पिठात साखर आणि प्रथिनं जास्त वेगाने करपट रंगाकडे जातात. ढोकळ्यावर कधी लाल ठिपके पडलेले दिसतात ना, ते याच शिल्लक सोड्याचे. हळद अल्कधर्मी झाली की लाल होते. केकच्या पिठाचा एक थेंब बशीत घेऊन त्यात चिमटीभर हळद कालवली आणि ती लालसर झाली, तर सोडा जास्त आहे असं समजावं. सोडा कमी पडला तर केक किंचित आंबट लागतो आणि फिका राहतो. ही चूक परवडते. साबणाची परवडत नाही.

केळ्याचा हट्ट

बेंगळुरूत हॉपकॉम्सच्या फळांच्या दुकानात दोन केळी नेहमी दिसतात: बुटकं, पातळ सालीचं यालक्की आणि लांब, हिरवट सालीचं पच्चबाळे. केकच्या कृतीत ‘एका अंड्याला अर्धं केळं’ असं लिहिलेलं असतं, ते लांब केळ्यासाठी. यालक्कीचं एक अख्खं केळंही कित्येकदा पुरत नाही. त्यामुळे केळं मोजायचं नाही, सोलून तोलायचं. एका अंड्याला ५५ ते ६० ग्रॅम गर.

दुसऱ्या भांड्यात ११५ ग्रॅम गर गेला. सालीवर काळे ठिपके आलेली केळी घेतली होती. कच्च्या केळ्यात स्टार्च भरलेला असतो, पिकताना तो साखरेत उतरतो. म्हणून पिठीसाखर १३० वरून ११० ग्रॅमवर आणली, आणि दूध ४० मिलिलिटर. केळ्यातून प्रथिनं ग्रॅमभरापेक्षा थोडीच जास्त येतात, स्निग्धांश जवळजवळ नाहीच. मग ते करतं काय? त्यातलं पेक्टिन आणि तंतू पाणी घट्ट पकडून ठेवतात. केळं केकला ओलावा देतं आणि तो दिवसेंदिवस सोडत नाही.

इथेच त्याचा तोटाही आहे. पकडून ठेवलेलं पाणी ओव्हनमध्येही सहजासहजी सुटत नाही. केळ्याचा केक वरून तयार दिसतो आणि तळाशी एक दाट, ओलसर, काचेसारखी पट्टी राहून जाते. सुई मधोमध घालून बघितली तर तीही फसवते, कारण केळ्याचं पीठ शिजण्याआधीच सुईला फार चिकटत नाही. बाई सुई तिरकी, थेट तळापर्यंत घालतात आणि बाहेर आल्यावर तिची खालची अर्धी बाजू बोटाने चोळून बघतात. चिकट लागली तर आणखी दहा मिनिटं.

पण दहा मिनिटं वाढवली की वरचा भाग काळवंडतो. पिकलेल्या केळ्यातल्या ग्लुकोज-फ्रुक्टोजला रंग लवकर चढतो. उपाय म्हणजे आच कमी आणि वेळ जास्त. दह्याचा केक १७५ अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटांत झाला, तर केळ्याचा १६५ वर पन्नास मिनिटांच्या आसपास, आणि शेवटी वर सैलसर फॉइल. भांडं उथळ घेतलं तर आणखी बरं.

कापल्यावर गाभा करड्या-तपकिरी छटेचा, मध्ये केळ्याचे बारीक काळे धागे, भोकं कमी आणि असमान. दाताखाली तो दाट लागतो. स्पंज म्हणून कुणी मागितला असता तर हा केक नापास झाला असता. पण दुसऱ्या दिवशी तो पहिल्या दिवसापेक्षा चांगला लागतो, कारण ओलावा सगळीकडे सारखा पसरतो. दह्याचा केक दुसऱ्या दिवशी कडेने कोरडा पडायला लागतो, तेव्हा केळ्याचा नुकता रंगात आलेला असतो.

केळं लपत नाही. व्हॅनिलाचा केक करायचा म्हणून केळं घातलं तर होतो तो केळ्याचाच केक. चॉकलेट, वेलदोडा, अक्रोड, जायफळ हे त्याच्याशी जमवून घेतात. संत्र्याचं आणि त्याचं जमत नाही, असं या घराचं मत पडलं, आणि ते पटण्यासारखं आहे. एका केकमध्ये तीन किंवा चार अंड्यांच्या जागी केळंच केळं घालणारे लोक असतात. त्यांना केक म्हणून शिऱ्याच्या प्रसादाचा घट्ट चुलतभाऊ मिळतो.

जवसाचा चिकटपणा

बेळगाव-विजयपूरकडे जवसाला अगसे म्हणतात. तिथल्या जेवणात अगसेची चटणी असते, आणि विदर्भात जवसाची. भाजून कुटलेल्या त्या चटणीची खमंग चव माहीत असणाऱ्याला केकमध्ये जवस कसं लागेल याचा अर्धा अंदाज आधीच येतो. पण केकमध्ये जवस घालतात ते चवीसाठी नव्हे. बियांच्या सालीत एक चिकट पदार्थ असतो. पाण्यात तो सुटतो आणि पाण्याची लाळेसारखी तार होते.

एका अंड्याला एक मोठा चमचा पूड, म्हणजे सुमारे सात ग्रॅम, आणि तीन मोठे चमचे पाणी. दोन अंड्यांसाठी १४ ग्रॅम पूड ९० मिलिलिटर पाण्यात कालवून पंधरा मिनिटं ठेवली. चमचा उचलला की मिश्रण थेंबाथेंबाने न पडता दोरीसारखं खाली उतरलं पाहिजे, तेव्हा ते तयार झालं. अख्खे दाणे घातले तर हे नीट होत नाही. पूड करताना मिक्सर थांबत थांबत फिरवायचा, कारण जवसात चाळीस टक्क्यांच्या आसपास तेल असतं आणि सलग फिरवलं की भांड्याच्या तळाशी गोळा बसतो. ही पूड महिनाभर डब्यात ठेवणं मात्र धोक्याचं. जवसाचं तेल हवेत लवकर बिघडतं, तैलरंगांत ते वापरतात तेही हवेत सुकून घट्ट होण्याच्या त्याच्या गुणामुळे. केक कडवट लागला आणि रंगाच्या डब्याची आठवण आली, तर दोष कृतीचा नाही, पुडीचा. लागेल तेवढंच दळावं, उरलेलं फ्रीजमध्ये.

जवसाच्या भांड्यात दूध ५० मिलिलिटर ठेवलं आणि बेकिंग पावडर दोन चमचे केली. जवस फेटून हवा धरत नाही आणि आम्लही देत नाही, फुगवण्याचं काम सगळं पावडरीवर येतं. त्याचा उपयोग दुसरीकडे आहे. पीठ घट्टसर, चिकट झालं की बुडबुडे चटकन वर पळत नाहीत आणि मनुका, अक्रोड तळाशी बसत नाहीत. तेलही पिठात नीट धरून राहतं.

हा केक तिघांत सगळ्यात कमी चुरा पाडतो. सुरीने पातळ काप सरळ निघतात. पण चावताना तो किंचित चिवट लागतो, आणि गाभ्यात जवसाचे तपकिरी ठिपके राहतात. पांढऱ्या केकमध्ये हे ठिपके खटकतात, खजूर-गूळ-गाजराच्या केकमध्ये दिसतही नाहीत. पूड वाढवली तर बांधणी वाढेल असं वाटतं, तसं होत नाही. अंड्यामागे एका मोठ्या चमच्याच्या वर गेलं की केक रबरासारखा ओढला जातो आणि मधला भाग ओलसरच राहतो. चिकट पदार्थ बुडबुड्यांना थोपवतो, पण त्यांच्या भिंती टणक करत नाही. हा फरक या भांड्यात जसा दिसला तसा दुसऱ्या कशात दिसला नाही.

तीन हजार फुटांवर

जयनगरच्या बाईंची सुरुवातीची तक्रार वेगळी होती. मुंबईतल्या मावशीकडून आलेली दह्याच्या केकची कृती मावशीकडे घुमटासारखी फुगते, इथे तीच मधून खचते. दही तेच, ओटीजी त्याच कंपनीचा. ‘मावशी म्हणते, तू घाई करतेस,’ असं त्या हसत सांगतात.

मावशीचा आरोप खोटा आहे. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटरवर, म्हणजे तीन हजार फुटांवर आहे. उंचीवरच्या बेकिंगसाठी मापं बदला, असं अमेरिकन मार्गदर्शिका साधारण इथूनच पुढे सांगायला लागतात. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा दहा टक्क्यांच्या आसपास कमी असतो. तेवढाच वायू इथे जास्त फुगतो, बुडबुडे मोठे होतात आणि त्यांच्या भिंती पातळ होतात. शिवाय पाणी मुंबईत शंभर अंशांना उकळतं, पुण्यात अठ्ठ्याण्णवच्या आसपास आणि बेंगळुरूत सत्याण्णवच्या. पिठातलं पाणी लवकर वाफ होऊन निघून जातं आणि मागे राहिलेल्या पिठात साखर दाट होते. साखर दाट झाली की स्टार्च आणखी उशिरा फुगतो.

अंड्याचा केक हा फरक सहसा पचवतो, कारण त्याची प्रथिनं तोवर गोठलेली असतात. अंड्याविना केक पचवू शकत नाही. मुंबईतल्या स्वयंपाकघरात जेमतेम उभा राहणारा केक बेंगळुरूत बसतो, आणि यात कुणाच्या हाताचा दोष नाही.

मावशीची कृती इथे चालवायची तर बदल थोडे आहेत. बेकिंग पावडर आणि सोडा मिळून जेवढा असेल त्यातला आठवा भाग काढायचा. साखर कपामागे एक मोठा चमचा कमी. दूध किंवा पाणी मोठा चमचाभर जास्त. ओव्हन पाच-सात अंश जास्त, म्हणजे भिंती जरा लवकर टणक होतात. केळ्याच्या केकला हा शेवटचा बदल लागू नाही, तो वरून आधीच घाईत असतो. बाईंनी यातल्या पहिल्या दोन गोष्टी केल्या आणि केक खचणं थांबलं. घुमट मात्र मावशीइतका आला नाही, वर सपाटच राहिला.

म्हैसूरच्या प्रयोगशाळेत

बेंगळुरूपासून दीडशे किलोमीटरवर म्हैसूरला केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, सीएफटीआरआय, १९५० पासून आहे. पीठ दळणं आणि बेकरी यांसाठी तिथे स्वतंत्र विभाग आहे. या विभागातून ए. अश्विनी, आर. ज्योत्स्ना आणि डी. इंद्राणी यांचा अंड्याविना केकवरचा शोधनिबंध २००९ साली ‘फूड हायड्रोकोलॉइड्स’ या नियतकालिकात आला. त्यांनी बाभळीचा डिंक, गवार गम, झँथन, कॅरागीनन आणि हायड्रॉक्सिप्रोपिल मेथिल सेल्युलोज, थोडक्यात एचपीएमसी, हे पदार्थ इमल्सिफायरांबरोबर घालून केक भाजले आणि त्यांची पीठं, गाभा आणि सूक्ष्मरचना तपासली. सगळ्यात चांगला केक एचपीएमसीचा ठरला.

या नावात जयनगरच्या तीन भांड्यांचं उत्तर लपलेलं आहे. डिंक, गवार, झँथन हे सगळे जवसाच्या जातीचे आहेत: पीठ दाट करतात, पण तापल्यावर घट्ट होत नाहीत. एचपीएमसी उलटं वागतो. तो गार पाण्यात विरघळतो आणि तापला की त्याची खळ गोठते, गार झाल्यावर पुन्हा सैल होतो. म्हणजे ओव्हनमध्ये बुडबुड्यांना आधार हवा असतो नेमक्या तेवढ्या वेळेपुरता तो उभा राहतो आणि स्टार्च सावरल्यावर बाजूला होतो. अंड्याचं चौथं काम तो तात्पुरतं पार पाडतो.

बाजारातल्या एगलेस प्रीमिक्सच्या पाकिटावर घटकांची यादी वाचली तर इमल्सिफायर, स्टॅबिलायझर असे शब्द बारीक अक्षरात सापडतात. घरच्या दह्याच्या केकपेक्षा विकतचा केक जास्त उसळतो, तो त्यांच्यामुळे. हनी केकमधला पाकही निव्वळ चवीसाठी नाही. अंड्याविना स्पंज लवकर कोरडा पडतो, पाकाने ते झाकलं जातं आणि चुराही धरून राहतो. अय्यंगारांनी प्रथिनं-स्टार्चची भाषा न वापरता गाठलेला हा तोडगा फार हुशार आहे.

काय कशासाठी

दही, केळं आणि जवस एकत्र करून तिघांचे गुण मिळतील का, हा प्रश्न स्वाभाविक आहे. थोड्या प्रमाणात मिळतात. दोन अंड्यांपैकी एकाच्या जागी दही आणि एकाच्या जागी जवस, असं केलं तर दह्याची बारीक जाळी राहते आणि जवसामुळे चुरा कमी पडतो. ठिपके राहतात, पण अर्धेच. दही आणि केळं एकत्र केलं तर दह्याचा सोडा केळ्याच्या केकला थोडा हलका करतो, मात्र रंग आणखी गडद होतो. तिन्ही एकदम घालायला गेलं की पाण्याचा हिशेब हाताबाहेर जातो.

वाढदिवसाचा पांढरा, क्रीम लावायचा, थर कापायचा केक असेल तर दही घ्यावं, आणि केक आदल्या दिवशी करावा. प्रवासाला न्यायचा, तीन-चार दिवस टिकवायचा केक असेल आणि केळ्याची चव चालणार असेल, तर केळं. गूळ, खजूर, कोको, गाजर असा जड आणि गडद केक असेल तर जवस. मूळ कृती एक-दोन अंड्यांची आणि तेला-दुधाची असेल तर तिघांपैकी कुठलाही पर्याय जमवता येतो. तीन अंड्यांपासून पुढे दर अंड्यागणिक धोका वाढतो. आणि कृतीत पांढरं वेगळं फेटून हळुवार मिसळायला सांगितलं असेल, शिफॉन किंवा एंजल फूड केकसारखं, तर या तिघांपैकी कुणालाही ते काम येत नाही. तिथे अंडं खात असाल तर अंडंच आणा, खात नसाल तर केक बदला.

भाजायला सुरुवात करण्याआधी एवढं मात्र करा: दही चाखून बघा, केळ्याचा गर तोला, जवसाच्या पुडीचा वास घ्या, आणि कृती कुठल्या गावाहून आली आहे ते विचारा.